भेटायला गेल्यावरचे ते चार सेकंद

आमच्या बिल्डिंगमधले काका मागच्या वर्षी अचानक गेले. वय 61, रात्री जेवण झाल्यावर छातीत जळजळतंय म्हणाले, काकूंनी अ‍ॅसिडिटीची गोळी दिली, अर्ध्या तासात घाम फुटला आणि हॉस्पिटलला पोचेपर्यंत संपलं होतं सगळं. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा काकू गादीला टेकून बसल्या होत्या, आजूबाजूला सात-आठ बायका, आणि त्यातल्या एकीने विचारलं, "पण ईसीजी लगेच का नाही काढला हो?" काकूंचा चेहरा मी अजून विसरले नाहीये. त्यांनी गोळीची गोष्ट पहिल्यापासून परत सांगितली, मग म्हणाल्या, "मला काय माहीत होतं गं." विचारणारी वाईट बाई नव्हती, तिला खरंच वाईट वाटत होतं. आणि मी? त्यानंतर जी शांतता पसरली ती मला सहन झाली नाही म्हणून मी म्हणाले, "निदान त्रास न होता गेले काका." काकूंनी मान हलवली आणि खिडकीकडे बघायला लागल्या.

घरी आल्यावर डोक्यातून जाईना, म्हणून या विषयावर काय अभ्यास झालाय ते वाचत बसले. मी मानसशास्त्र शिकलेय पण दुःख हा माझा विषय नव्हता. आणि त्यात 1986 चा एक अमेरिकन अभ्यास सापडला, लेहमन, एलार्ड आणि वॉर्टमन या तिघांचा, जो मला वाटतं भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा.

त्यांनी 94 अशा माणसांच्या मुलाखती घेतल्या ज्यांचा नवरा, बायको किंवा मूल गाडीच्या अपघातात गेलं होतं, चार ते सात वर्षांपूर्वी. विचारलं काय, तर लोकांच्या कुठल्या बोलण्याने बरं वाटलं आणि कुठल्या बोलण्याने त्रास झाला. त्रास देणाऱ्यात वरती होते सल्ले, "आता यातून बाहेर पड" असा आग्रह, दुःख लहान करून दाखवणं, आणि "मला कळतं तुला काय वाटत असेल" हे वाक्य. बरं वाटलेल्यात होतं मनातलं बोलायला मिळणं, नुसतं कोणीतरी जवळ असणं, आणि ज्याच्यावर असाच प्रसंग आलाय त्याची भेट. इथपर्यंत तसं नवीन काही नाही.

पण त्यांनी आणखी 100 जणांना विचारलं, ज्यांच्या घरात असं काही झालेलं नव्हतं, की तुम्ही अशा घरी गेलात तर काय बोलाल? आणि या लोकांनी जवळजवळ सगळी बरोबर उत्तरं दिली! म्हणजे ऐकून घेईन, जवळ बसेन असंच. उपदेश करेन असं म्हणणारे फारसे नव्हतेच. मग प्रत्यक्षात त्या घरांमध्ये जाऊन उपदेश कोण करत होतं? संशोधकांचा अंदाज असा की माहिती सगळ्यांना असते, पण समोर रडणारं माणूस आलं की भेटायला आलेल्याच्याच पोटात गोळा येतो, आणि त्या भीतीत तोंडातून जे तयार वाक्य निघेल ते निघतं. हा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, आणि मुलाखती इतक्या वर्षांनंतरच्या असल्यामुळे आठवणीत फरक पडलेला असू शकतो. पण माझ्या त्या "निदान"ला हे तंतोतंत लागू पडतं. मला माहीत होतं की असं बोलू नये. तरी बोलले.

ही भीती शांततेत का वाढते याचं उत्तर दुसरीकडे आहे. माणसं बोलताना एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ लागतो हे स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये जगातल्या 10 वेगवेगळ्या भाषांमध्ये मोजलं, प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली गॅप. सरासरी निघाली साधारण 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, पापणी लवते जवळपास तितकाच वेळ. मराठी त्यात नव्हती, पण इतक्या लांबलांबच्या भाषा एकमेकींच्या एवढ्या जवळ आल्या की आपण फार वेगळे असू असं मला वाटत नाही. मग 2011 मध्ये नेदरलँड्समध्ये कौडेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी लोकांना गप्पांचा व्हिडिओ दाखवला, स्वतः त्या गप्पांमध्ये आहोत अशी कल्पना करायला सांगून. एका गटाच्या व्हिडिओत मध्येच फक्त चार सेकंदांची शांतता होती. तेवढ्यानेच त्या गटातल्या लोकांना आपल्याला बाजूला टाकलंय, नाकारलंय असं वाटायला लागलं.

चार सेकंद! आणि दुःखाच्या घरी चार-चार मिनिटं कोणी बोलत नाही. आपल्या मेंदूला 200 मिलिसेकंदांची सवय, त्यामुळे तिथे आत घंटा वाजायला लागते की काहीतरी बिघडलंय, बोल, काहीतरी बोल. मग "देवाला आवडला", "वेळ आली की कोणाचं चालत नाही", "सोनं झालं म्हणायचं", "आता मुलांकडे बघून राहायचं" हे सगळं त्या घंटेला दिलेलं उत्तर असतं, समोरच्याला दिलेलं नसतंच. समोरच्याला त्या क्षणी शांतता टोचत असेलच असं नाही, तो तर आपल्या धक्क्यात बुडालेला असतो, आपणच तेवढे सेकंद मोजत असतो.

यावरचा सगळ्यात सुंदर उपाय मला ज्यू लोकांच्या रिवाजात दिसला. मृत्यूनंतर सात दिवस घरचे लोक घरात बसतात, आणि भेटायला आलेल्याने आपणहून बोलायला सुरुवात करायची नाही, दुःखातलं माणूस बोललं तरच बोलायचं. म्हणजे शांततेची जबाबदारी पाहुण्याच्या डोक्यावरून काढूनच टाकली! आपल्याकडे असा नियम नाही, पण त्याच्या जवळ जाणारी गोष्ट आहे, निघताना "येतो" म्हणायचं नाही, न सांगता उठून जायचं. कारण लोक अशुभाचं सांगतात, पण त्याचा फायदा असा की घरच्यांना दारापर्यंत यायचं, चार औपचारिक शब्द बोलायचे हे काम राहत नाही. कडू घासाचंही तसंच, त्या दिवशी घरात चूल नसते तर शेजारचे पिठलं-भाकरी आणून देतात, "काय आणू" असं कोणी विचारत नाही.

आता हे गप्प बसणं नेमकं कसं, तर काकूंच्या शेजारची एक ताई होती तिचं सांगते. ती आली, काकूंच्या बाजूला बसली, समोर नाही, कारण समोर बसलं की नजर भेटते आणि बोलावं लागतं. म्हणाली, "काकू, मला काय बोलावं कळत नाहीये." बस, एवढंच. मग हातावर हात ठेवून वीस मिनिटं बसली. मोबाईल बाहेर काढला नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण मोबाईल बघत गप्प बसणं म्हणजे नुसतं गैरहजर असणं. दहा-बारा मिनिटांनी काकू स्वतःच म्हणाल्या, "सकाळी भाजी आणून ठेवली होती गं त्यांनी, मेथी, ती तशीच आहे फ्रिजमध्ये." ताई म्हणाली, "मेथी निवडायचे ना काका, गॅलरीत बसून." आणि काकू पाच मिनिटं नुसत्या काकांबद्दल बोलत होत्या, कसे गेले ते नाही, कसे होते ते. फरक कळतोय ना? "कसं झालं" विचारलं की ती रात्र परत जगावी लागते, आणि गोळीच्या जागी ईसीजी असता तर, हा विचार प्रत्येक वेळी थोडा अजून पक्का होतो. काकूंनी ती रात्र तेरा दिवसांत किती जणांना सांगितली असेल देव जाणे. ज्याला सांगायचं असेल तो न विचारता सांगतो, त्याने सांगितलं तर पूर्ण ऐकावं, फक्त आपण खोदू नये.

अजून एक गोष्ट जी आपल्याकडे फार होते. काकूंची सून रडली नाही. सगळं बघत होती, फोन, भटजी, पाहुण्यांचा चहा. तर बायका कुजबुजायला लागल्या, रडली नाही अजून, रडवा तिला, आत राहिलं तर त्रास होईल. यावर बोनानो आणि सहकाऱ्यांचा 2002 चा अभ्यास आहे. त्यात वयस्कर जोडप्यांशी जोडीदार जिवंत असतानाच बोलून ठेवलेलं होतं, आणि मग मृत्यूनंतर 6 महिन्यांनी आणि 18 महिन्यांनी परत. जवळजवळ निम्म्या लोकांमध्ये डिप्रेशनची लक्षणं पूर्ण काळात कमीच राहिली, आणि नंतर दाबलेलं दुःख उफाळून आलं असंही दिसलं नाही. हे वयस्करांबद्दल आहे, तरुण मृत्यूत किंवा आत्महत्येत चित्र वेगळं असू शकतं. पण न रडणाऱ्याला रडवायचा कोणाला अधिकार नाही एवढं तरी यातून मला पटलं. त्या सुनेला कोणीतरी म्हणायला हवं होतं, चहाचं मी बघते, तू बस. मी तेही केलं नाही, नंतर सुचलं.

"काही लागलं तर सांगा" हेही आपण सगळे मनापासून म्हणतो, पण त्यात काम परत त्यांच्याच गळ्यात पडतं, काय लागेल ते शोधा, मग संकोच गिळून फोन करा. त्यापेक्षा "उद्या बँकेत डेथ सर्टिफिकेट द्यायला मी बरोबर येते, 11 वाजता" हे सोपं, त्यांना फक्त हो किंवा नाही म्हणायचं राहतं.

गप्प बसायचं नाही अशी जागाही आहे. "मला पण त्यांच्याबरोबर जायचंय" असं कोणी म्हणालं तर बहुतेक वेळा ते ओढीचं बोलणं असतं, पण सरळ विचारावं, जिवाचं काही करून घ्यायचा विचार येतोय का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती अभ्यासांमध्ये खरी ठरलेली नाही. हो म्हणाले तर एकटं सोडू नये, घरच्यांना सांगावं, सरकारची टेलिमानस हेल्पलाईन 14416 वर चोवीस तास असते.

आणि दुसरी शांतता तेराव्यानंतर सुरू होते. लोक येणं थांबतं, आणि जे भेटतात ते काकांचं नावच घेत नाहीत, आठवण झाली तर काकूंना त्रास होईल म्हणून. अहो, त्या विसरल्यात कधी की आपण आठवण करून द्यावी? तीन महिन्यांनी लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा माझ्या तोंडात हवा-पाण्याचं बोलणं आलं होतं, ते गिळून म्हटलं, "काकू, काल बाजारात मेथी बघितली आणि काका आठवले." त्यांचे डोळे भरले, मी घाबरले, परत ती घंटा वाजायला लागली, पण या वेळी काही बोलले नाही, चार सेकंद, कदाचित दहा. तिसरा मजला आला, दार उघडलं. काकू बाहेर न पडता म्हणाल्या, "जाड देठाची घ्यायचे नाहीत कधी. चल घरी, चहा ठेवते, सांगते तुला."