फंडस की पायलोरस? जठराच्या दोन टोकांतील ग्रंथी

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षी ऊतिशास्त्र शिकताना विद्यार्थ्यांसमोर जठराच्या दोन स्लाइड्स येतात. एक जठराच्या वरच्या, फुगीर भागाची म्हणजे फंडसची असते आणि दुसरी आतड्याकडे उघडणाऱ्या पायलोरसची. दोन्हींचा पृष्ठभाग श्लेष्मा स्रवणाऱ्या एकसारख्या उंच पेशींनी आच्छादलेला असतो, त्यामुळे ओळख पटते ती त्याखालीच.

पृष्ठभागावरील खळग्यांना गर्तिका म्हणतात आणि ग्रंथी त्यांच्या तळाशी उघडतात. फंडसमध्ये गर्तिका उथळ, श्लेष्मल स्तराच्या सुमारे चतुर्थांश खोलीच्या असून त्याखालच्या ग्रंथी लांब व सरळ असतात. पायलोरसमध्ये गर्तिका निम्म्या खोलीपर्यंत किंवा त्याहूनही खाली जातात आणि ग्रंथी आखूड व वेटोळ्या असल्याने स्लाइडवर त्यांचे गोल छेद दिसतात.

हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलेली फंडसची ग्रंथी दुरंगी दिसते. तिच्या वरच्या अर्ध्या भागात गुलाबी पॅरायटल पेशींची दाटी असते. मध्यभागी गोल केंद्रक असल्यामुळे ती पेशी तळलेल्या अंड्यासारखी भासते. हा गुलाबीपणा मुख्यतः मायटोकॉण्ड्रियांच्या गर्दीचा आहे, कारण हायड्रोक्लोरिक आम्ल बाहेर फेकायला पुष्कळ ऊर्जा लागते. ब-१२ जीवनसत्त्वाच्या शोषणासाठी लागणारा ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ही हीच पेशी तयार करते. ग्रंथीच्या तळाशी जांभळट चीफ पेशी असतात. त्या पेप्सिनोजेन स्रवतात आणि आम्लात त्याचे पेप्सिन होते.

पायलोरसच्या ग्रंथीत चीफ पेशी जवळपास नसतात आणि पॅरायटल पेशी तुरळक असतात. तिथल्या बहुतेक पेशी फिकट, फेसाळ आणि तळाशी चपटे केंद्रक असलेल्या असून त्या श्लेष्मा स्रवतात. त्यांच्यामध्ये विखुरलेल्या जी-पेशी मात्र नेहमीच्या रंगात सहज नजरेत भरत नाहीत. त्यांचे गॅस्ट्रिन हे संप्रेरक रक्तावाटे फंडसला पोहोचते आणि आम्लनिर्मिती वाढवते. आम्ल पुरेसे झाले की गॅस्ट्रिनला आवर बसतो.

खरी फसगत आजारात होते, आणि हा सगळा तपशील लक्षात ठेवण्याचे कारण मला तेच वाटते. समजा, ब-१२ कमी झालेल्या रुग्णाच्या फंडसमधून बायॉप्सी घेतली आणि स्लाइडवर फक्त फिकट श्लेष्मल ग्रंथी दिसल्या. तुकडा पायलोरसचा असावा, असा निष्कर्ष सहज निघेल. परंतु शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच जठरावर उलटते त्या स्वप्रतिकारक जठरदाहात पॅरायटल आणि चीफ पेशी नष्ट होऊन त्यांच्या जागी पायलोरससारख्याच ग्रंथी उगवतात. अशा वेळी गॅस्ट्रिनचे प्रतिपिंड-रंजन करतात, म्हणजे गॅस्ट्रिनलाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडांनी स्लाइड रंगवतात. जी-पेशी रंगल्या तर तुकडा पायलोरसकडचा. एकही रंगली नाही तर तो बहुधा रूप पालटलेला फंडस. या रुग्णात खुद्द पायलोरसच्या जी-पेशी उलट वाढलेल्या आढळतात, कारण त्यांना आवरणारे आम्लच उरलेले नसते. दोन्ही जागांचे तुकडे वेगळ्या बाटल्यांत, जागेची नोंद करून पाठवले, तर या रंजनाची गरज क्वचितच पडते.