एस्प्रेसो मशीनचं बटण नेमकं काय मोजतं?

घरी सेमी-ऑटोमॅटिक एस्प्रेसो मशीन आलं की बहुतेकांचा एक समज असतो, एक कपचं बटण दाबलं की ३० मिली कॉफी येणार आणि दोन कपचं दाबलं की ६० मिली, कारण माहितीपुस्तिकेत तसंच छापलेलं असतं. मग वजनकाट्यावर कप ठेवून बघितलं तर कधी ४५ ग्रॅम येते, कधी २५, आणि लगेच सर्व्हिस सेंटरला फोन जातो. मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं, ते कपातली कॉफी मोजतच नसतं एवढंच.

टाकीतून बॉयलरकडे जाणाऱ्या थंड पाण्याच्या वाटेवर एक छोटंसं फ्लो मीटर बसवलेलं असतं. त्यात पाती असलेली इवलीशी चक्री, चक्रीत चुंबक, आणि बाहेरून चिकटलेला हॉल सेन्सर. पाणी वाहिलं की चक्री फिरते, चुंबक सेन्सरसमोरून गेला की एक पल्स जातो आणि सर्किट बोर्ड ते पल्स मोजत बसतो. नेहमीच्या मीटरमध्ये एक पल्स म्हणजे साधारण अर्धा मिली पाणी. आपण बटण 'प्रोग्रॅम' करतो तेव्हा मशीनला ३६ ग्रॅम वगैरे काही कळत नाही, ते फक्त एक आकडा लक्षात ठेवतं, समजा १२०, आणि पुढच्या वेळी १२० पल्स झाले की पंप बंद. रिक्षाच्या मीटरसारखंच आहे हे, चाक किती फिरलं ते त्याला माहीत, तुम्ही घरी पोचलात की नाही ते नाही.

आता त्या १२० पल्सचं म्हणजे ६० मिली पाण्याचं होतं काय ते बघू. कोरडी कॉफी पावडर पाणी पिते, १८ ग्रॅम पावडर आपल्या वजनाएवढं किंवा थोडं जास्तच पाणी धरून ठेवते. शिवाय दाबलेल्या पावडरीच्या चकतीवर, म्हणजे पकवर, थोडी मोकळी जागा असते ती आधी भरावी लागते, आणि शॉट, म्हणजे एका वेळी काढलेली कॉफी, थांबला की तिथलं दाबाखालचं पाणी सोलेनॉइड व्हॉल्व्हमधून फुस्स करून ड्रिप ट्रेमध्ये जातं. उरतं ते कपात, म्हणजे ढोबळमानाने ३६ ग्रॅमच्या आसपास. प्रत्येक मशीनचा नेमका हिशोब वेगळा असेल पण मीटरमधून गेलेलं पाणी आणि कपात पडलेली कॉफी यात वीसेक ग्रॅमची तफावत पडणं अगदी नॉर्मल आहे.

म्हणूनच रिकाम्या पोर्टाफिल्टरवर, म्हणजे कॉफी भरायच्या दांड्यावर, खाली मापाचा ग्लास धरून 'बरोब्बर ३६ मिली' सेट करणं हा सगळ्यात महागात पडणारा शॉर्टकट. नंतर कॉफी भरून तेच बटण दाबलं की कपात जेमतेम पंधरा ग्रॅम काळं सरबत येतं. प्रोग्रॅमिंग नेहमी खऱ्या कॉफीवर करायचं, आणि तेही ग्राइंड जमल्यानंतर.

उदाहरणादाखल ब्रेव्हिलचं बरिस्ता एक्सप्रेस घेऊ, घरगुती मशीनमध्ये खूप दिसणारं मॉडेल. आपल्याला १८ ग्रॅम पावडरमधून ३६ ग्रॅम एस्प्रेसो हवाय, साधारण २८ सेकंदांत. आधी दोन-चार शॉट बटण दाबून सुरू करायचे आणि काट्याकडे बघत तेच बटण परत दाबून हाताने थांबवायचे, ग्राइंड जाड-बारीक करत वेळ आणि चव जुळेपर्यंत. ते जमलं की मग प्रोग्रॅमिंग. मशीन पूर्ण तापलेलं हवं आणि एकदा नुसतं पाणी सोडून घ्यायचं, कारण मशीन बराच वेळ पडून असेल तर नळ्यांमध्ये हवा असते, वाट पूर्ण भरलेली नसते, आणि मीटरमधून गेलेलं पाणी आधी ती रिकामी जागा भरण्यात खर्च होतं. सकाळचा पहिलाच शॉट कमी भरतो अशी तक्रार असते ना, तिचं कारण बऱ्याचदा हेच.

मग १८ ग्रॅम मोजून भरा, टॅम्प करा म्हणजे पावडर घट्ट दाबा, पोर्टाफिल्टर लावा, खाली काटा, त्यावर कप, काटा शून्यावर. प्रोग्रॅमचं बटण एकदा दाबलं की बीप होतो आणि त्याचा दिवा लुकलुकायला लागतो. आता दोन कपचं बटण दाबायचं, पंप सुरू होतो, सुरुवातीला कमी दाबाने पक भिजतो आणि मग पूर्ण दाब येतो, हे भिजवण्याचं पाणीही मोजणीत धरलं जातं. काट्याने ३३ दाखवले की तेच बटण पुन्हा दाबा, दोन बीप झाले की आकडा सेव्ह. ३६ ला न थांबवता ३३ ला का, तर पंप थांबल्यावरही बास्केटखाली, म्हणजे पावडर बसते त्या जाळीच्या वाटीखाली, उरलेले दोन-तीन ग्रॅम टपकत राहतात. तुमच्या मशीनवर चार टपकत असतील, तर पुढच्या शॉटला कपात किती आलं ते बघून एकदा परत सेट करायचं. फारच गोंधळ झाला तर प्रोग्रॅमचं बटण तीन बीप होईपर्यंत दाबून धरलं की कंपनीचे ३० आणि ६० परत येतात.

मिली सोडून ग्रॅमवर का आलो तेही सांगतो. ताज्या भाजलेल्या बीन्समध्ये कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, तो वरच्या फेसात म्हणजे क्रेमात अडकतो. रोबस्टा मिसळलेल्या ब्लेंडचा क्रेमा आणखी फुगतो. अशा वेळी शॉट ग्लासवर ६० ची रेघ गाठली तरी खाली द्रव कितीतरी कमी असतो, आणि पाच मिनिटं थांबलात तर रेघ तुमच्या डोळ्यांदेखत खाली येते. वजनाला फेसाने फरक पडत नाही.

गंमत म्हणजे एका ठरावीक मापाचा शॉट ही कल्पना इलेक्ट्रॉनिक्सच्या कितीतरी आधीची. मिलानच्या अकिले गाज्जियाने १९४८ च्या सुमारास बाजारात आणलेल्या लिव्हर मशीनमध्ये पिस्टनच्या सिलिंडरात मावेल तेवढंच पाणी कॉफीतून जायचं, माप लोखंडातच ठरलेलं. १९६१ च्या फायेमा ई६१ मध्ये इलेक्ट्रिक पंप आला तसं ते बंधन सुटलं, पंप चालू आहे तोवर पाणी येणार, मग कुठे थांबायचं हे माणसाने किंवा मोजणाऱ्या यंत्राने ठरवायचं. आजची बटणं त्या हरवलेल्या सिलिंडरचंच काम करतात.

आता खरा फायदा. पाण्याचं माप पक्कं झालं की शॉटला लागणारा वेळ बोलायला लागतो. समजा आज ३६ ग्रॅम २८ सेकंदांत येतेय, आणि त्याच पाकिटातल्या बीन्सची दहा-बारा दिवसांनी तेवढीच कॉफी २१ सेकंदांत यायला लागली, चव पातळ आणि आंबट. बीन्समधला गॅस निघून गेला, पकचा अडथळा कमी झाला, पाणी सरसर निघालं. अशा वेळी बरेच जण बटण परत प्रोग्रॅम करत बसतात, आणि माझ्या मते तिथेच सगळं बिघडतं, कारण आता दोन गोष्टी एकदम हलल्या. बटणाला हात लावायचा नाही, ग्राइंड बारीक करायचं. ग्राइंड बदललं तरी पावडर पाणी जवळपास तेवढंच पिते, त्यामुळे कपातलं वजन फारसं हलत नाही, फक्त वेळ परत २८ कडे सरकते.

बटण पुन्हा सेट करायची वेळ येते ती डोस किंवा बास्केट बदलल्यावर. १८ ऐवजी २० ग्रॅम भरायला लागलात तर वरचे दोन ग्रॅम आणखी दोन-अडीच ग्रॅम पाणी गिळणार, कपात ३३-३४ येणार आणि एकास दोनचं प्रमाण एकास १.७ च्या जवळ जाणार. हा फरक जिभेला कळतो.

या सगळ्याला एक मर्यादा आहे, शॉट तुंबला की मोजणीवर फार विश्वास ठेवायचा नाही. ग्राइंड इतकं बारीक की थेंब थेंबच येतोय, तेव्हा पाण्याचा वेग एवढा कमी होतो की चक्री तिच्या घर्षणापुढे नीट फिरत नाही, थोडं पाणी न मोजताच बाजूने निघून जातं आणि कपात अपेक्षेपेक्षा जास्त येऊ शकतं. उलटंही होतं. मीटर पंपाच्या आधी बसवलेलं असेल आणि जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह पाणी परत टाकीत किंवा ट्रेमध्ये टाकत असेल, तर ते परत गेलेलं पाणीही तुमच्या नावावर चढतं आणि कपात कमी येतं. त्यामुळे ४०-५० सेकंद चाललेल्या शॉटचं वजन बघून बटणाबद्दल काहीही निष्कर्ष काढू नका.

आणि मग मीटर खरंच बिघडलंय हे ओळखायचं कसं? चक्रीत क्षार किंवा टाकीतला कचरा अडकला की ती रखडते, पल्स कमी पडतात, बोर्ड बिचारा १२० ची वाट बघत राहतो आणि कॉफी येतच राहते. पूर्ण अडकली तर शॉट थांबतच नाही, बऱ्याच मशीनवर बटणाचा दिवा लुकलुकून तसं सांगतो. आपल्याकडे बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी थेट मशीनच्या टाकीत जात असेल तर हे लवकर होतं, फिल्टर केलेलं कमी क्षाराचं पाणी वापरलेलं बरं. अर्धवट रखडलेली चक्री मात्र फसवी, तिच्यात आणि तुमच्या टॅम्पिंगमधल्या चुकीत फरक कळत नाही. त्यासाठी कॉफीशिवाय चाचणी करायची. रिकामी बास्केट, खाली काट्यावर मोठा मग, आणि तेच बटण लागोपाठ तीनदा. तिन्ही वेळा पाणी एक-दोन ग्रॅमच्या फरकाने सारखं आलं तर मीटर ठीक आहे, दोष डोस, ग्राइंड किंवा पकमध्ये पाणी एका बाजूने वाट काढतंय त्यात शोधा. एकदा ५८, एकदा ७१, एकदा ६४ असं काही आलं तर मीटर उघडून साफ करायची किंवा मेकॅनिकला दाखवायची वेळ झाली.

बटण नव्याने सेट कराल त्या दिवशीच ही कोरी चाचणी करून आकडा कुठेतरी लिहून ठेवा, कपाटाच्या दाराला आतून चिकटवला तरी चालेल, कारण सहा महिन्यांनी कपातलं वजन हललं की तुलना करायला जुना आकडा लागतो आणि तो मशीन तुम्हाला कधीच दाखवत नाही.