शनिवारचा पगार आणि नावाचा घोळ: भाडं-ठेकेदाराचे पैसे पाठवण्यामागची पार्श्वभूमी

कोल्हापुरात "आरटीजीएस मारलाय बघ" हे वाक्य कुठल्याही रकमेला लागतं. राजारामपुरीतल्या फ्लॅटचं अठरा हजारांचं भाडं असो, उद्यमनगरातल्या शेडचं असो, नाहीतर पाचगावच्या बांधकामावरच्या सेंट्रिंगवाल्याचे पैसे असोत. खरं तर दोन लाखांखालची रक्कम ग्राहकाला आरटीजीएसनं पाठवताच येत नाही. पण शाखेतला फॉर्म एकच असतो, त्यावर आरटीजीएस आणि एनईएफटी ही दोन्ही नावं छापलेली असतात, आणि रक्कम बघून कुठली वाट धरायची हे खिडकीपलीकडचा माणूस ठरवतो. ग्राहकाच्या तोंडी मात्र पहिलंच नाव राहिलं. त्यामुळे "आरटीजीएस केला, अजून कसा आला नाही?" अशी जी भांडणं होतात, त्यातली बरीच प्रत्यक्षात एनईएफटीची असतात.

फरक थोडक्यात असा. आरटीजीएसमध्ये दोन बँकांचा हिशेब प्रत्येक व्यवहारागणिक तिथल्या तिथे मिटतो. एनईएफटीत ठरावीक वेळेपर्यंत आलेल्या सगळ्या व्यवहारांचा गठ्ठा बांधला जातो, बँकांचं देणं-घेणं एकत्र वजा होतं आणि मग रकमा खात्यांत पडतात. तिसरी वाट आयएमपीएसची, तिथं क्रम उलटा असतो. समोरच्याच्या खात्यात पैसे आधी दिसतात आणि बँका आपापसांत नंतर मिटवतात. तिथलं "तात्काळ" हे ग्राहकापुरतं असतं. यूपीआय वापरणाऱ्याला समजावण्याची गरज नाही.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. डिमांड ड्राफ्टच्या रांगा ज्यांनी लावल्या त्यांना त्या आठवत असतीलच. आरटीजीएस २००४ च्या मार्चमध्ये सुरू झालं, एनईएफटी २००५ च्या नोव्हेंबरमध्ये. त्याआधीची इलेक्ट्रॉनिक सोय मोजक्या शहरांपुरती होती. आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे.

एनईएफटीला बँकेची सुट्टी लागू होती, हे आज अनेकांच्या ध्यानातही राहिलेलं नाही. २०१७ च्या जुलैपासून गठ्ठे दर अर्ध्या तासाला निघू लागले, तरी पहिला सकाळी ८ ला आणि शेवटचा संध्याकाळी ७ ला, दिवसाला २३. रविवारी बंद. २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसरा आणि चौथा शनिवारही बँकेच्या सुट्टीत गेला होता, म्हणून त्या दिवशीही बंद.

याचा अर्थ बांधकामावर काय होत होता ते पाहा. बऱ्याच साइटवर आठवड्याच्या पगाराची वाटणी शनिवारी संध्याकाळी होते, कारण रविवारी लक्ष्मीपुरीचा बाजार. समजा २०१८ च्या जूनमध्ये पावसाच्या आत स्लॅब उरकायची घाई चालली आहे. ८ तारखेच्या शुक्रवारी दिवसभर काम झालं आणि घरमालकानं रात्री ८ वाजता फोनवरून ठेकेदाराला १,८०,००० रुपये एनईएफटीनं पाठवले. त्याच्या खात्यातून रक्कम लगेच वजा झाली. पण दिवसाचा शेवटचा गठ्ठा तासभर आधीच निघून गेला होता. ९ तारीख दुसरा शनिवार, १० ला रविवार. पैसे ११ तारखेच्या सोमवारी सकाळच्या गठ्ठ्यात बसणार. मालक म्हणतो, मी शुक्रवारीच दिले. ठेकेदार म्हणतो, माझ्याकडं आले नाहीत. दोघंही खरं बोलतायत, आणि माणसं पिशव्या रिकाम्या घेऊन बाजारात उभी. आयएमपीएस तेव्हाही सुट्टीला चालत होतं आणि दोन लाखांपर्यंत पाठवताही येत होतं. पण त्याला शुल्क पडायचं, आणि छोट्या सहकारी बँकेच्या खातेदाराकडे मोबाइलवर ती सोय असेलच असं नव्हतं. "त्याच दिवशी पोचेल का?" हा प्रश्न तेव्हा खराखुरा होता.

तो प्रश्न संपला २०१९ च्या १६ डिसेंबरपासून. एनईएफटी चोवीस तास, बारा महिने सुरू झालं, अर्ध्या तासाला एक असे दिवसाला ४८ गठ्ठे. २०२० च्या जानेवारीपासून बचत खातेदाराला ऑनलाइन एनईएफटीचं शुल्क राहिलं नाही. २०२० च्या १४ डिसेंबरपासून आरटीजीएसही चोवीस तास झालं. आयएमपीएसची मर्यादा २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये पाच लाखांवर नेण्याची घोषणा झाली, पण आपल्या बँकेच्या ॲपवर ती किती आहे हे बँक ठरवते आणि अनेकदा ती बरीच कमी असते.

म्हणजे वेगाचा वाद जवळपास मिटला. उरलेला वाद वेगळाच आहे आणि त्याचं मूळ २०१० मध्ये आहे. माझ्या मते भाडं किंवा ठेक्याचे पैसे पाठवताना खरं कळीचं हेच आहे.

तोपर्यंत अपेक्षा अशी होती की पैसे स्वीकारणाऱ्या बँकेनं खाते क्रमांक आणि नाव दोन्ही जुळवून मगच रक्कम जमा करावी. प्रत्यक्षात ते जमेना. आपल्याकडची नावं इंग्रजी अक्षरांत लिहिली की एकाच दत्तात्रयाची तीन स्पेलिंगं होतात. कुणी वडिलांचं नाव मध्ये घालतं, कुणी आद्याक्षरावर भागवतं, दुकानाच्या खात्यापुढे "मेसर्स" असतं तर पाठवणाऱ्यानं मालकाचं नाव लिहिलेलं असतं. एकेक व्यवहार माणसानं डोळ्यांनी तपासायचा तर गठ्ठा अडून बसणार. म्हणून २०१० च्या ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की नाव न बघता केवळ खाते क्रमांकावर रक्कम जमा करता येईल. अचूक क्रमांक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची, आणि हे फॉर्मवर व स्क्रीनवर स्पष्ट लिहायचं. आजही ॲपमध्ये खाते क्रमांक दोनदा टाकावा लागतो, तो त्याच सूचनेचा वारसा.

या निर्णयाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता. हा निर्णय नसता तर अर्ध्या तासाचे गठ्ठे कधी शक्यच झाले नसते. पण त्याची किंमत ज्याच्या माथी गेली त्याला ती माहीतच नव्हती. फॉर्मवर नावाची चौकट तशीच राहिली. माणूस त्यात सावकाश, वळणदार अक्षरात घरमालकाचं नाव लिहायचा आणि समजायचा की बँक ते बघणार. चेकवर नाव लिहिण्याची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि तिथं नावाला खरंच अर्थ होता. इथं ती चौकट निव्वळ शोभेची झाली होती.

क्रमांक चुकला तर दोन गोष्टी होऊ शकतात. असं खातंच नसेल, किंवा बंद झालेलं असेल, तर रक्कम परत येते. एनईएफटीत गठ्ठा मिटल्यापासून दोन तासांत समोरच्या बँकेनं जमा करायचं किंवा परत करायचं, असा नियम आहे. पण चुकलेला क्रमांक दुसऱ्याच कुणाच्या चालू खात्याचा निघाला, तर पैसे त्याच्याकडे जातात आणि बँक त्याच्या संमतीशिवाय ते सहसा काढून घेत नाही. पुढं अर्ज, फोन, विनवण्या. गठ्ठ्याची पद्धत संथ आहे म्हणून मध्येच थांबवता येईल, हाही गैरसमज.

आयएमपीएसमध्ये आणि यूपीआयमध्ये पाठवण्याआधी नाव दिसण्याची सोय आधीपासून होती. म्हणून काही जण नव्या ठेकेदाराला आधी एक रुपया आयएमपीएसनं पाठवतात, पोचल्याचं फोनवर विचारतात आणि मग मोठी रक्कम आरटीजीएसनं सोडतात. ही युक्ती बँकेनं शिकवलेली नाही, बाजारानं शोधली. आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करा, असा आदेश निघाला २०२४ च्या डिसेंबरअखेरीस. म्हणजे चौदा वर्षांनी. त्यातही बँक नाव जुळवत नाही, फक्त दाखवते. खात्री करून पुढं जायचं की थांबायचं, हे अजूनही आपल्यावरच.

आता तीच शनिवारची वेळ आजच्या नियमांनी बघू. ठेकेदाराला ३,४०,००० द्यायचे आहेत आणि दुपारचे ४ वाजून १० मिनिटं झाली आहेत. नव्यानं जोडलेल्या खात्याला बऱ्याच बँका पहिला दिवस कमी मर्यादा ठेवतात, म्हणून खातं शुक्रवारीच जोडून ठेवलेलं बरं. जोडताना स्क्रीनवर ठेकेदाराऐवजी एका बाईचं नाव आलं. विचारल्यावर तो म्हणाला, "दादा, खातं घरच्यांच्या नावावर हाय." असू शकतं, पण पावती कुणाच्या नावानं मिळणार हे तेव्हाच ठरवून घ्यायचं. नाव पटलं की आरटीजीएसनं साधारण अर्ध्या तासात रक्कम जमा व्हायला हवी. एनईएफटीनं पाठवली तर साडेचारच्या गठ्ठ्यात बसते आणि नियमानं साडेसहापर्यंत जमा किंवा परत. वाटणी सातला असेल तर दोन्ही चालतात. ठेकेदाराचं खातं एखाद्या लहान सहकारी बँकेत असेल, आणि ती बँक मोठ्या बँकेमार्फत उपसदस्य म्हणून जोडलेली असेल, तर मध्ये आणखी एक हात येतो. अशा वेळी मी आरटीजीएस घेतो आणि तेही दुपारीच.

ॲपवर "यशस्वी" दिसलं म्हणजे पैसे पोचले असं नाही. एनईएफटीत त्याचा अर्थ आपल्या बँकेनं काम हाती घेतलं एवढाच. समोर जमा झाल्याचा वेगळा एसएमएस पाठवणाऱ्याला येतो, तो महत्त्वाचा. तो नाही आला तर यूटीआर, म्हणजे त्या एका व्यवहाराचा ओळख क्रमांक, ठेकेदाराला द्यायचा. त्याची बँक त्यावरून शोधू शकते.

भाड्यात जास्त फसगत होते ती आयएमपीएसच्या अडकलेल्या व्यवहारानं. पाच तारखेची रात्र, शेवटचा दिवस, खात्यातून भाडं वजा झालं आणि स्क्रीनवर "प्रलंबित". माणूस घाबरतो आणि पुन्हा पाठवतो. सकाळी मालकाकडे दोन भाडी. २०१९ च्या सप्टेंबरमधल्या नियमानुसार, वजा झालेली पण जमा न झालेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी, नंतरच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. तेव्हा एक दिवस थांबायचं आणि मालकाला यूटीआरसारखा जो संदर्भ क्रमांक मिळतो तो पाठवून ठेवायचा. मुदतीला दोन दिवस असतील तर एनईएफटीच घ्यावं. तिथं अधांतरी अवस्था कमी येते.

गंमत अशी, की "त्याच दिवशी" ही पायरी आता चेकनं पटकावली आहे. २०२५ च्या ४ ऑक्टोबरपासून दिवसा ठरावीक वेळेत भरलेल्या चेकची प्रतिमा लगेच पुढं जाते आणि ज्याच्या खात्यावरचा चेक आहे त्या बँकेनं संध्याकाळी ७ पर्यंत हो-नाही कळवायचं असतं. नाही कळवलं तर मंजूर धरतात. शाहूपुरीतले एक घरमालक काका अजूनही भाड्याचा चेकच मागतात. भाडेकरू हसतात, पण त्या कागदावर काकांचं नाव लिहिलेलं असतं आणि ते नाव बँक अजून वाचते.