गिरवण्याच्या पानावरची रिकामी ओळ

पहिलीच्या मुलांसाठी अक्षर गिरवण्याचं पान बनवताना बहुतेक जण ते ठिपक्यांच्या अक्षरांनी काठोकाठ भरतात. मूल जितक्या वेळा गिरवेल तितकं अक्षर पक्कं होईल, हा त्यामागचा हिशेब. मला तो पटत नाही, आणि त्याला कारण आहे.

२०१२ साली कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट या संशोधकांनी वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलांनी काही अक्षरं स्वतःच्या हाताने काढली, काही गिरवली, काही कळफलकावर टाइप केली. नंतर तीच अक्षरं दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. वाचनाशी निगडित भाग जागे झाले ते स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी. गिरवलेल्या किंवा टाइप केलेल्या अक्षरांच्या वेळी तसं दिसलं नाही. प्रयोग छोटा होता, अक्षरं रोमन होती. पण त्यामागचं कारण आपल्या लिपीलाही लागू पडावं असं आहे. गिरवताना हात रेषेमागे जातो. पुढे कुठे वळायचं हे आठवावं लागत नाही. स्वतः काढताना ते आठवावं लागतं. शिवाय दर वेळी अक्षर थोडं वेगळं, वेडंवाकडं येतं आणि इतकं बदलूनही ते तेच अक्षर राहतं, हे मुलाला उमगतं.

म्हणून पानावर गिरवणं हवंच, पण ते हळूहळू सुटायला हवं. ‘म’चं पान घेऊ. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. चारी बाजूंनी १५ मिलिमीटर समास सोडला की १८० बाय २६७ उरतात. अक्षराची उंची ३० मिलिमीटर धरली आणि प्रत्येकाला ४५ मिलिमीटर रुंदीचं घर दिलं, तर एका ओळीत चारच अक्षरं बसतात. ५० मिलिमीटरच्या चार ओळी म्हणजे २००. उरलेल्या जागेत वर चित्र आणि मोठा, ठसठशीत नमुना. नमुना डावीकडे ठेवू नये, कारण डावखुऱ्या मुलाचा हात नेमका त्याच्यावर येतो.

पहिल्या ओळीत ठिपक्यांचा ‘म’, सुरुवातीला भरीव टिंब आणि बाण. दुसरीत बाण गेले. तिसरीत फक्त डावी उभी रेघ आणि गाठ. आडवी रेघ, दंड आणि शिरोरेषा मुलाने काढायची. चौथीत सुरुवातीचं टिंब सोडून काहीच नाही. माझ्या मते पानातली सगळ्यात मोलाची ओळ ही. अक्षरांमधली ऐसपैस जागासुद्धा याचसाठी: या वयात हात पुष्कळदा कोपरापासून, खांद्यापासून हलतो, रेघ हमखास पुढे जाते. शेजारचं अक्षर दूर असलं की ती चूक तिथेच राहते.

आता ठिपके. ‘म’ आणि ‘प’ यांतला मुख्य फरक खालच्या डाव्या गाठीचा. ३० मिलिमीटरच्या ‘म’मध्ये ती गाठ जेमतेम पाच मिलिमीटरची असते. ठिपके चार-चार मिलिमीटरवर ठेवले की गाठीच्या वाट्याला तीनचार ठिपके येतात, गोलाई हरवते आणि मूल सरळ ‘प’ काढून मोकळं होतं. ठिपका एक मिलिमीटरचा आणि मधली फट तेवढीच ठेवावी. तयार फॉन्टला ठिपक्यांची कडा देऊ नये. तशाने रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन समांतर वाटा तयार होतात आणि कुठली धरायची ते कळत नाही. इंकस्केपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षराच्या मधोमध एकच रेघ ओढून तिला ठिपक्यांचं रूप द्यावं. फिकट करडी सलग रेघ डोळ्यांना बरी वाटते, पण झेरॉक्समध्ये ती अनेकदा उडते.

चित्र एकच आणि ओळींपासून दूर. पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोष्टीला अनावश्यक असलेले चित्रांतले तपशील काढल्यावर मुलांची नजर मजकुरावरून कमी हलली आणि गोष्ट जास्त समजली. कोपऱ्यातली फुलं, चांदण्या म्हणूनच टाळाव्यात. चित्र निवडतानाही अडचण असते. मासा सगळे ओळखतात, पण त्यात ‘मा’ ऐकू येतो. ‘मगर’मध्ये शुद्ध ‘म’ आहे, मात्र काही मुलं तिला पाल म्हणतील. मी मगरच निवडेन: जाड बाह्यरेषा, उघडा जबडा, मोठे दात, आणि अंगावर खवले नाहीत. पान छापण्याआधी दोनचार मुलांना नुसतं चित्र दाखवून नाव विचारावं.

भरलेलं पान तपासताना पहिल्या ओळीची सफाई फसवते. प्रत्येक ठिपक्यावर पेन्सिल दाबल्याच्या खुणा आणि थरथरती रेघ दिसली, तर मुलाने अक्षर न काढता ठिपके जोडले आहेत. रेघ खालून वर काढली की वरून खाली, हे कागद सांगत नाही. त्यासाठी हात चालू असताना शेजारी बसावं लागतं. आणि चौथ्या ओळीत ‘प’ उमटला, तर आणखी गिरवायला न देता गाठ तेवढी मोठी करून दाखवावी आणि तीच ओळ पुन्हा कोरी द्यावी.