२०० दिवसांची सरासरी आणि सोन्याच्या भावाचा अपुरा इतिहास

नियम एका ओळीचा आहे: सोन्याचा बंद भाव गेल्या २०० दिवसांच्या सरासरीच्या वर असेल तर सोने ठेवायचे, खाली गेला की विकून मोकळे व्हायचे. असा नियम जुन्या भावांवर चालवून तेव्हा काय मिळाले असते ते पाहणे म्हणजे बॅकटेस्ट. अमेरिकेत रिचर्ड डॉन्चियन यांनी १९४९ मध्ये वायद्यांचा फंड काढला, पुढे ५ आणि २० दिवसांच्या सरासरीचा नियम त्यांच्या नावाने ओळखला गेला. त्या काळी सरासरी हाताने काढावी लागे, त्यामुळे कोणी हजार नियम तपासून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. आता लॅपटॉपवर ते काही मिनिटांचे काम आहे, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

सोन्याच्या बाबतीत त्याआधी एक अडचण आहे. १९४४ च्या ब्रेटन वुड्स करारानंतर सोने औंसाला ३५ डॉलरला बांधलेले होते. मार्च १९६८ मध्ये खुल्या बाजाराचा भाव वेगळा झाला आणि ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले. १९६८ च्या आधीच्या भावांवर कोणताही नियम तपासण्यात अर्थ नाही, कारण भाव हलतच नव्हता.

त्यानंतरचा इतिहास दिवसांत मोजला तर मोठा वाटतो, प्रसंगांत मोजला तर फार लहान आहे. जानेवारी १९८० मधल्या ८५० डॉलरपर्यंतची तेजी, तिथून १९९९ मधल्या २५३ डॉलरपर्यंतची लांबलचक घसरण, २०११ च्या १,८९५ पर्यंतची चढण, २०१५ अखेरच्या १,०५० च्या आसपासचा तळ आणि त्यानंतरची तेजी. हजारो रोजचे भाव हाती असले तरी सरासरीच्या नियमाची खरी परीक्षा या पाच-सहा वळणांवरच होते. एप्रिल २०१३ मध्ये सोने दोन सत्रांत १३ टक्क्यांहून जास्त कोसळले. भाव २०० दिवसांच्या सरासरीखाली त्याच्या आधीच गेला होता, म्हणून या नियमाने तो फटका वाचवला. कागदावर ही कामगिरी झकास दिसते, पण पुरावा म्हणून तो एकच प्रसंग आहे.

आता समजा, २०० ऐवजी १८७ घेतले की नफा आणखी वाढतो. मग १८७ सोबत तीन टक्के तोटा होताच विकायचा स्टॉप लॉस लावला, मग शुक्रवारी सौदा करायचा नाही असे ठरवले. प्रत्येक भर त्या मोजक्या वळणांना आणखी घट्ट बसते. हेच ओव्हरफिटिंग.

याचे प्रमाण आकड्यांत मांडता येते. शार्प रेशो म्हणजे वर्षाचा जादा परतावा भागिले त्यातली चढउतार. नियमात काहीच दम नसेल तर खरा शार्प शून्य असतो, पण पाच वर्षांच्या डेटावर मोजलेला आकडा नुसत्या योगायोगाने १/√५, म्हणजे सुमारे ०.४५ इतका इकडेतिकडे होतो. असे ४५ स्वतंत्र पोकळ नियम तपासले, तर त्यातला सर्वोत्तम या ०.४५ च्या साधारण २.२ पट वर सापडतो, म्हणजे शार्प जवळपास १. बेली, बोरवेन, लोपेझ दे प्रादो आणि झू या संशोधकांनी २०१४ मध्ये हेच गणित मांडले. त्याआधी १९९९ मध्ये सुलिवन, टिमरमन आणि व्हाइट यांनी डाऊ जोन्स या अमेरिकी शेअर निर्देशांकावर सुमारे आठ हजार नियम तपासले होते. जुन्या काळात सर्वोत्तम ठरलेला नियम १९८७ ते १९९६ या पुढच्या दहा वर्षांत टिकला नाही. त्यामुळे माझ्या मते कुठल्याही बॅकटेस्टचा पहिला प्रश्न एकच असावा: हा नियम हाती लागेपर्यंत किती नियम टाकून दिले? तो आकडा वहीत लिहून ठेवला नसेल तर निकालाला किंमत नाही.

दुसरी खूण शेजाऱ्यांत दिसते. १८७ ला भरघोस नफा आणि १८० व १९५ ला तोटा, असे असेल तर तो योगायोगाचा सुळका समजावा. १५० पासून २५० पर्यंत निकाल थोड्याफार फरकाने सारखाच येत असेल तर पायाखाली जमीन आहे. सौदा कधी होतो तेही पाहावे लागते. आजच्या बंद भावावरून सिग्नल काढून आजच्याच दिवसाचा नफा त्यात धरला, तर दिवसअखेरची माहिती दिवसाच्या सुरुवातीलाच वापरल्यासारखे होते. म्हणून सिग्नल एक दिवस पुढे ढकलतात:

```
sma = close.rolling(200).mean()
pos = (close > sma).astype(int).shift(1)
```

आपल्याकडे आणखी एक पदर आहे. २०११ च्या शिखरापासून २०१५ अखेरपर्यंत डॉलरमध्ये सोने ४० टक्क्यांहून जास्त उतरले, पण १० ग्रॅमचा रुपयातला भाव सुमारे २८ हजारांवरून २५ हजारांच्या आसपासच आला, कारण त्याच काळात रुपया घसरला आणि आयात शुल्क वाढले. डॉलरच्या तक्त्यावर चोख दिसणारी विक्री रुपयात फारसे काही वाचवत नाही. उलट २३ जुलै २०२४ ला आयात शुल्क १५ वरून ६ टक्के झाले आणि एमसीएक्स या वायदे बाजारातला भाव एका फटक्यात खाली आला; लंडनमध्ये त्या दिवशी तशी पडझड नव्हती. ज्या चलनात सौदा करायचा त्याच चलनातल्या भावांवर, ब्रोकरेज वजा करून नियम तपासावा, आणि शेवटची काही वर्षे अगदी शेवटपर्यंत न उघडता ठेवावीत. ती एकदाच पाहायची. पाहून नियम बदलला, की तीही वर्षे वापरलेल्या डेटात जमा झाली.