मानसिक आरोग्य अभ्यासाचा सोपा सारांश: मंजुरी, कागदपत्रे आणि मजकूर

अभ्यास संपतो, निबंध इंग्रजी नियतकालिकात छापून येतो आणि ज्यांनी तासन्‌तास बसून प्रश्नावल्या भरल्या त्यांच्या हाती काहीच पडत नाही. सोपा सारांश त्यांच्यासाठी असतो. युरोपीय संघात औषध चाचणी संपल्यापासून साधारण एका वर्षात तो देणे नियमाने बंधनकारक आहे (नियम 536/2014). भारतात त्यासाठी वेगळा सरकारी फॉर्म नाही. मूळ अभ्यासाला ज्या एथिक्स कमिटीने मंजुरी दिली, तिच्याकडेच सारांश पाठवायचा असतो, कारण सहभागींच्या हातात जाणारा प्रत्येक कागद तिच्या नजरेखालून जावा लागतो.

अर्ज कोणी करायचा, काय जोडायचे

अर्ज मुख्य संशोधकाने करायचा. सामाजिक संस्था मजकूर घडवायला मदत करू शकते, पण सही संशोधकाचीच लागते. अर्जासोबत मूळ मंजुरीपत्र, सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतला नोंदणी क्रमांक, संमतीपत्राचा नमुना, अंतिम निकालांचा तक्ता, मराठी सारांश आणि त्याचे इंग्रजीत केलेले उलट भाषांतर जोडा. उलट भाषांतर करणारी व्यक्ती मराठी मजकूर लिहिणारी नसावी. सारांश कोणाला, कुठे आणि कसा पोहोचवणार याचे एक पानही हवे. माझ्या मते कमिटीने सगळ्यात बारकाईने हेच पान पाहायला हवे.

त्याआधी संमतीपत्र उघडून बघा. निकाल हवा आहे का आणि कोणत्या मार्गाने कळवायचा, हे सहभागींना तेव्हा विचारले होते का? विचारले नसेल, तर थेट घरी पत्र पाठवू नका. पाकिटावर मानसोपचार विभागाचा शिक्का असला, तर घरच्यांना जे माहीत नव्हते ते त्या दिवशी कळते. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चे कलम 23 या गोपनीयतेचा हक्क देते. साधे पाकीट वापरा किंवा पुढच्या भेटीत हातात द्या.

आकडे कसे सांगायचे

खरे उदाहरण गोव्याचे घेऊ. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याचा त्रास तीव्र असलेल्या 495 जणांवर झालेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला केंद्रातले उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्या उपचारांसोबत, या कामासाठी शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांच्या आठवड्याला एक अशा सहा ते आठ भेटी मिळाल्या. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते किंवा मानसशास्त्राची पदवी घेतलेलेही नव्हते.

निबंधात दोन गटांची तुलना करणारे प्रमाण दिले आहे 1.61. ते तसेच उतरवून ‘61 टक्के जास्त’ असे लिहिले, तर वाचणारा ‘शंभरातले एकसष्ट बरे झाले’ असा अर्थ घेतो. त्याऐवजी असे लिहा: ‘तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या दर 100 पैकी 64 जणांचा त्रास बराच कमी झाला होता. समुपदेशन न मिळालेल्या दर 100 पैकी 39 जणांचा तेवढा कमी झाला होता.’ पाया दोन्हीकडे शंभरच ठेवा आणि दोन्ही वाक्यांची बांधणी सारखी ठेवा.

‘बरे झाले’ हा शब्द मुद्दाम टाळला आहे. अभ्यासात मोजला गेला तो नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-9 या प्रश्नावलीचा गुण 10 च्या खाली येणे. आजार कायमचा गेला, असा त्याचा अर्थ नाही. तीन महिन्यांनंतर 466 जणच भेटले, हेही लिहा.

आणि उरलेले 36? सारांश वाचणारा स्वतःला त्यांच्यातही शोधत असतो. म्हणून ‘काहींना या भेटींनी पुरेसा फरक पडला नाही, तो त्यांचा दोष नव्हता’ हे वाक्य मसुद्यात ठेवाच. त्याखाली टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक द्या.

गटांना देताना

बचत गट किंवा ग्रामसभेसाठीच्या प्रतीत केंद्रनिहाय आकडे देऊ नका. 495 जण दहा केंद्रांत विभागले, की एकेका केंद्रात सरासरी पन्नासच उरतात आणि एका गटात पंचवीस. गावातल्या लोकांना त्यातली माणसे ओळखायला वेळ लागत नाही. एखाद्याची गोष्ट, नाव बदलूनसुद्धा, त्याच्या वेगळ्या लेखी परवानगीशिवाय घालू नका.

मसुदा कमिटीकडे जाण्यापूर्वी, अभ्यासात नसलेल्या चार-पाच जणांना वाचून दाखवा आणि ‘तुम्हाला काय कळले ते सांगा’ म्हणा. ‘समजले का?’ विचारलेत, तर सगळे मान डोलावतात. कोणी ‘म्हणजे गोळ्या बंद करायच्या’ असे म्हणाले, तर चूक मजकुराची आहे. अशा वेळी ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बदलू नका’ ही ओळ वर आणा आणि पुन्हा वाचून दाखवा.

मंजुरी आल्यावर एक शब्दही बदलला, तर सुधारित प्रत पुन्हा कमिटीकडे जाते. प्रतीच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख छापलेली असावी, म्हणजे मंजूर झालेली प्रत कोणती हे ओळखता येते.