फायर ड्रिलच्या आधी वॉर्डनने वाचून दाखवायची सूचना: कोणी वाचायची, कोणते कागद लागतात, नेमकं काय बोलायचं

ड्रिलच्या दिवशी वॉर्डन, म्हणजे आपला मजला रिकामा झाला का ते तपासणारा माणूस, जी सूचना वाचतो ती पाच मिनिटांत संपली पाहिजे, त्यापेक्षा लांबली की मागच्या रांगेतली मुलं ऐकणं सोडून देतात आणि नेमकं शेवटी असलेलं महत्त्वाचं वाक्य हवेत जातं. मी स्वतः शाळेत हे काम करते, आणि अनुभवावरून सांगते की सूचनेतला बाहेर कसं पडायचं हा भाग मुलांना लवकर जमतो, गोंधळ होतो तो बाहेर आल्यावर डोकी मोजताना. म्हणून इथे त्यावरच जास्त लिहितेय.

आधी वॉर्डन कोण होऊ शकतं ते बघू. ट्रेनिंग झालेलं असावं हे तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ड्रिलच्या वेळी त्या माणसाकडे स्वतःचा वर्ग नसावा. ३६ मुलं घेऊन जिना उतरणारी बाई त्याच वेळी टॉयलेट, लॅब, स्टोअर रूम तपासू शकत नाही, हे साधं आहे तरी वॉर्डनच्या यादीत वर्गशिक्षकांचीच नावं टाकलेली असतात. प्रत्येक मजल्याला एक वॉर्डन आणि तो रजेवर असेल तर एक बदली वॉर्डन, अशी दोन नावं हवीत. भाग कोणी घ्यायचा? त्या वेळी इमारतीत असलेल्या प्रत्येकाने, म्हणजे ऑफिस, शिपाई, सफाई कर्मचारी, फी भरायला आलेले पालक सगळ्यांनीच. "माझे पेपर तपासायचे राहिलेत" म्हणून स्टाफरूममध्ये बसून राहायची सूट कोणालाच नाही.

कागद थोडेच लागतात पण ते त्या दिवसाचे लागतात. प्रत्येक वर्गाचं हजेरी रजिस्टर, उशिरा आलेल्या आणि मधूनच घरी गेलेल्या मुलांची नोंदवही, स्टाफची हजेरी, व्हिजिटर बुक. हे सगळं असेंब्ली पॉइंटवर, म्हणजे बाहेर सगळ्यांनी जमायच्या जागी, हातात पाहिजे, म्हणून ऑफिसातल्या कोणी काय उचलायचं ते आधीच ठरवून ठेवा. हजेरी फक्त कॉम्प्युटरवर असेल तर सकाळची प्रिंट काढून दाराजवळ ठेवा, कारण अलार्म वाजल्यावर कोणी कॉम्प्युटरसमोर थांबणार नाहीये. आणि ज्या मुलाला जिना उतरता येत नाही, पाय प्लास्टरमध्ये आहे किंवा व्हीलचेअर आहे, त्याचा वेगळा लेखी प्लॅन लागतो: कोणते दोन मोठे त्याच्यासोबत असतील, धुरापासून सुरक्षित कुठल्या जागी थांबायचं, खाली कसं आणायचं. हा प्लॅन त्या मुलाशी आणि पालकांशी आधी बसून बोला, सगळ्यांसमोर सूचना वाचताना त्याचं नाव घेऊ नका प्लीज, त्याला ते लागतं.

आता सूचना. मी साधारण अशी वाचते:

"मुलांनो, आणि सगळा स्टाफ, आज ड्रिल आहे. न थांबता वाजणारी बेल म्हणजे अलार्म, तासाची बेल तुटक वाजते, यातला फरक आत्ता एकदा वाजवून दाखवते. अलार्म वाजला की हातातलं आहे तिथे ठेवायचं. दप्तर, डबा, मोबाईल काही घ्यायचं नाही. एका रांगेत, चालत, न बोलता निघायचं, म्हणजे बाईंनी रस्ता बदला म्हटलं तर ते ऐकू येईल. लिफ्ट वापरायची नाही. शेवटी निघणाऱ्याने दार ओढून घ्यायचं, कुलूप लावायचं नाही."

दार ओढून घ्या हे वाक्य वाचताना मी मुद्दाम थांबते. १ डिसेंबर १९५८ ला शिकागोच्या अवर लेडी ऑफ द एंजल्स शाळेत तळघरातल्या जिन्यापाशी आग लागली होती, त्यात ९२ मुलं आणि ३ नन गेल्या. तळघराच्या लगेच वरच्या मजल्यावर जिन्याला जाड बंद दार होतं, त्यामुळे तिथे धूर अडला, त्याच्या वरच्या मजल्यावर तसं दार नव्हतं आणि धूर थेट वर्गांबाहेरच्या पॅसेजमध्ये भरला. हे मी मुलांना सांगत नाही, लहान मुलं घाबरतात, पण स्टाफच्या वेगळ्या मीटिंगमध्ये दर वेळी सांगते, कारण जिन्याच्या दाराला वीट लावून ते उघडं ठेवायची सवय मोठ्यांचीच असते.

पुढचा भाग:

"अलार्म वाजताना तुम्ही टॉयलेटमध्ये, लायब्ररीत, कुठेही वर्गाबाहेर असाल तर वर्गात परत जायचं नाही. जवळच्या जिन्याने, जवळच्या मोठ्या माणसासोबत बाहेर यायचं. बाहेर आल्यावर मात्र दुसऱ्या वर्गाच्या रांगेत उभं राहायचं नाही, त्या बाईंना सांगून सरळ आपल्या वर्गाच्या रांगेत जायचं."

हे शेवटचं वाक्य आधी आमच्या सूचनेत नव्हतं. एका ड्रिलला आठवी ब च्या रजिस्टरवर ३८ मुलं, २ गैरहजर, म्हणजे रांगेत ३६ हवीत, बाईंनी मोजली तर ३५. परत मोजली, ३५च. मी विचारलं शेवटचं कुठे दिसलं, तर एक मुलगा टॉयलेटला गेला होता. त्या मजल्याच्या वॉर्डनने टॉयलेट रिकामं असल्याचं सांगितलं होतं, तरी मुलगा सापडेना. एक सर आत पळायला निघाले, त्यांना हाताला धरून थांबवावं लागलं, कारण खऱ्या आगीत मग दोन माणसं आत असती. परत आत कोणी जायचं नाही, कोण नाही आणि शेवटचं कुठे दिसलं हे आल्या आल्या अग्निशमन दलाला सांगायचं, एवढंच आपलं काम. तो मुलगा निघाला सहावी अ च्या रांगेत, अगदी शहाण्यासारखा उभा, कारण तो त्यांच्यासोबत उतरला होता. आणि सहावीच्या बाईंनी नुसती डोकी मोजली होती, नावं घेतली नव्हती, त्यांचं एक मूल तेव्हा ऑफिसात होतं, त्यामुळे त्यांचा आकडा बरोबर जुळला! म्हणून आता नावाने हजेरी घ्यायची, फक्त आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे स्टाफच्या सूचनेत आहे.

सूचनेचं शेवटचं वाक्य: "बेल बंद झाली म्हणजे आत जायचं असं नाही. मी स्वतः सांगेन तेव्हाच जायचं."

ड्रिल झाल्यावर नोंदवहीत दोन वेळा लिहायच्या, एकच नाही. त्या दिवशी शेवटचा माणूस ३ मिनिटं ४० सेकंदांत बाहेर आला होता, पण सगळ्यांची हजेरी जुळायला ६ मिनिटं १० सेकंद लागले. पहिलाच आकडा लिहिला असता तर ड्रिल छान झालं असं वाटलं असतं, मधली अडीच मिनिटं त्या एका मुलाची होती. शेजारी कारण लिहा, काय बदललं ते लिहा, तारीख, हवामान, कोणता जिना बंद ठेवला होता तेही लिहा, आणि वॉर्डन व मुख्याध्यापक दोघांनी सही करा. वही ऑफिसात ठेवा, पुढच्या ड्रिलची सूचना लिहायला बसताना आधी तीच उघडायची.